क्रशच्या उदास स्टेटसला उत्तर कसं लिहायचं

रात्री साडेअकराला ज्याच्यावर किंवा जिच्यावर तुमचा जीव जडलाय, त्या माणसाचं स्टेटस येतं. काळी पार्श्वभूमी, चार ओळी, खाली काही नाही. आपण ते तीन वेळा बघतो, उत्तराच्या चौकटीत काहीतरी टाइप करतो, पुसतो, आणि शेवटी एक रडका चेहरा पाठवून मोकळे होतो. त्या चेहऱ्यानं काही बिघडत नाही हे खरं, पण काही घडतही नाही. इथे एवढ्या एका प्रसंगाबद्दलच लिहितोय: व्हॉट्सॲपवर टाकलेलं दुःखी किंवा कवितेसारखं स्टेटस, टाकणारी व्यक्ती तुम्हाला आवडणारी, आणि तुमच्यात अजून ‘तसं’ काही ठरलेलं नाही.

सगळ्याचं सूत्र मी आधीच सांगून टाकतो. उत्तर त्या ओळींना द्यायचं, आपल्या मनातल्या गोष्टीला नाही. आणि ते असं द्यायचं की समोरच्यावर परत काही लिहिण्याचं ओझं पडू नये. ऐकायला सोपं आहे, पण बोटं स्क्रीनवर गेली की नेमकं उलटं होतं.

आधी स्टेटस नीट वाचा

पहिला प्रश्न असा, की या ओळी तिच्या स्वतःच्या आहेत की उचललेल्या? उचललेलं स्टेटस बहुधा लगेच ओळखू येतं. मागे समुद्राचा किंवा मेणबत्तीचा फोटो असतो, कोपऱ्यात कुठल्यातरी पानाचं नाव असतं, भाषा छापील असते. स्वतः लिहिलेल्यात काहीतरी ओबडधोबड राहतं. एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला, ओळ भलत्याच ठिकाणी तोडलेली, आणि बहुतेक वेळा एखादी अशी वस्तू किंवा जागा, जी फक्त तिच्या आयुष्यात आहे.

उचललेल्या शायरीला खोल सांत्वन करायला जाऊ नका. कदाचित तिला फक्त चाल आवडली असेल, आणि तुम्ही ‘काय झालं, सांग ना’ म्हणत मागे लागलात तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. तिथे निवडीबद्दल बोलावं: ‘ही दुसरी ओळ चांगली आहे, कुठं मिळाली?’ एवढं पुरतं. दुःख असेल तर ती स्वतः सांगेल, नसेल तर ओळीवर गप्पा होतील.

दुसरा प्रश्न कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये फार महत्त्वाचा. ‘पाऊस थांबेना’, ‘पाणी वाढतंय’ ही ओळ कविता आहे की बातमी? २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या माणसाला ही शंका यायलाच हवी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकली की सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा भागांतल्या घरांत सामान वर चढवायला सुरुवात होते, आणि ४३ फूट म्हणजे धोका. ती अशा भागात राहत असेल, तर त्या स्टेटसला हळव्या ओळी पाठवणं म्हणजे निव्वळ बावळटपणा. ‘तुमच्या गल्लीत पाणी आलंय काय? सामान हलवायला दोघं-तिघं येतो, सांग’ हे उत्तर. त्या दिवशी याच्याइतकं प्रेमळ वाक्य दुसरं नाही, फक्त लिहिलंत तर जायची तयारी पाहिजे.

तिसरा प्रश्न टाळायचा नाही. ओळींत मरणाची, सगळं संपवण्याची, निरोपाची भाषा आहे का? ‘आता कुणाला त्रास देणार नाही’, ‘सगळ्यांनी माफ करा’ अशी वाक्यं, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकल्याचं बोलणं, हे कवितेत जमा करू नका. तिथे शब्दांची जुळवाजुळव करत बसायचं नाही, सरळ फोन लावायचा. उचलला तर स्पष्ट विचारायचं, ‘जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय काय?’ असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फोन उचलला नाही तर तिच्या घरातलं, वसतिगृहातलं, जवळ राहणारं कोणीतरी गाठा आणि त्यांना तिच्यापाशी जायला सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे तुम्ही स्वतः फोन करूनही काय करावं ते विचारू शकता. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर ११२. ‘तिनं विश्वासानं टाकलं होतं, घरच्यांना कसं सांगू’ हा विचार त्या रात्री बाजूला ठेवायचा. ती नंतर रागावली तर रागावू दे.

आता उरतं ते तिनं स्वतः लिहिलेलं, साधं दुखरं स्टेटस. खरी कसोटी इथेच लागते.

‘माझ्यासाठीच टाकलंय’ हा भ्रम

स्टेटस सगळ्या संपर्कांना दिसतं, काहींना वगळून टाकता येतं, किंवा निवडक लोकांनाच दाखवता येतं. तुम्हाला ते दिसलं याचा अर्थ इतकाच, की तुम्ही वगळलेल्यांत नाही. आणखी कुणाला दिसतंय हे तुम्हाला कळायची सोय नाही. त्यामुळे ‘कोणीतरी समजून घ्यावं’ या ओळीतलं कोणीतरी मीच, असं धरून उत्तर लिहिलंत तर दहापैकी नऊ वेळा ते भलतीकडेच जातं. तिच्या मावशीनंही तेच स्टेटस बघितलेलं असतं.

तिला मात्र तुमचं नाव दिसतं. तुम्ही वाचल्याची निळी खूण बंद केलेली नसेल तर बघणाऱ्यांच्या यादीत वेळेसकट नोंद होते. म्हणून बघून गप्प बसणं हेसुद्धा तिला दिसत असतंच. त्याची भीती बाळगायचं कारण नाही, बघून गप्प बसणारे तिथे पुष्कळ असतात. पण दुसऱ्या खात्यावरून, मित्राच्या फोनवरून बघण्याचे उद्योग करू नका. कधी ना कधी ते बाहेर येतं आणि मग साधी काळजीसुद्धा पाळत वाटायला लागते.

हृदय, इमोजी की शब्द

स्टेटसखालचं हृदय दाबलं तर ते तिला बघणाऱ्यांच्या यादीत तुमच्या नावापाशी दिसतं, चॅट उघडत नाही. इमोजी पाठवला तर तो मात्र चॅटमध्ये संदेश म्हणून जातो. ओळख अगदीच वरवरची असेल, म्हणजे नंबर आहे पण कधी बोलणं नाही, तर कवितेला हृदय दाबून थांबावं. कोणी गेल्याच्या, आजारपणाच्या स्टेटसला ते हृदयही नको. डोळ्यांत हृदयं असलेला चेहरा, टाळ्या, शंभराचा आकडा तर त्याहून नको. घाईत अंगठा घसरून रडण्याऐवजी हसण्याचा चेहरा गेल्याची उदाहरणं प्रत्येक कट्ट्यावर ऐकायला मिळतील.

थोडीफार ओळख असेल तर शब्दच लिहा. आणि ते आधी दुसरीकडे लिहा, फोनच्या नोंदवहीत किंवा स्वतःच्याच चॅटवर. पाठवलेला संदेश १५ मिनिटांत बदलता येतो, पण बदलल्याची खूण राहते, आणि पुसला तर पुसल्याची पाटी. दुःखी माणसाला ‘हा संदेश पुसला गेला’ ही पाटी दाखवू नये. ती बिचारी आपलं दुःख सोडून तुम्ही काय पुसलंत याचा विचार करत बसते.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा दोघं शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभ्यासाला बसतात. बोलणं अरे-तुरेचं, चहाला चार-पाच जणांच्या घोळक्यात जाणं. तिचे आजोबा काही महिन्यांपूर्वी गेले, हे त्याला माहीत आहे. एकदा बोलता बोलता ती म्हणाली होती, की लहानपणी आबा तिला पहाटे उठवून रंकाळा तलावावर न्यायचे. जुलैतल्या एका रात्री तिचं स्टेटस येतं:

संध्यामठ पाण्यात अर्धा बुडालाय.
आबा असते तर म्हणाले असते,
चल, किती बुडालाय ते बघून येऊ.
मी एकटीच बघून आलो.

संध्यामठ म्हणजे रंकाळ्यातली जुनी दगडी वास्तू. शेवटच्या ओळीतलं ‘एकटीच बघून आलो’ कुठल्याही तयार कार्डावर सापडणार नाही, ते कोल्हापूरच्या मुलीचंच, इथल्या मुली ‘आले’ऐवजी ‘आलो’ म्हणतात. म्हणजे ओळी तिच्याच, दुःख खरं, आणि धोक्याची भाषा कुठे नाही. जिथे हुंदका काढता आला असता तिथे तिनं फक्त बघून आल्याचं सांगितलंय, हेही लक्षात घेण्यासारखं. उत्तराचा आवाज तिच्या आवाजापेक्षा मोठा होता कामा नये.

त्याचा पहिला मसुदा असा होतो: ‘अरेरे, सो सॅड. काय झालं? काळजी करू नको, सगळं ठीक होईल. मी आहे ना.’

यात एकही शब्द असा नाही जो तिच्या ओळी न वाचता लिहिता आला नसता. काय झालं ते तिनं चार ओळींत सांगितलंय, तरी हा विचारतोय काय झालं. सगळं ठीक होईल म्हणजे काय होईल? आबा परत येणार नाहीत. आणि ‘मी आहे ना’ हे वाक्य ज्याच्या तोंडी शोभतं तो माणूस अजून हा झालेला नाही.

दुसरा मसुदा लांबतो: ‘तुझं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी आजी गेली तेव्हा मलाही असंच झालं होतं, मी तर दोन दिवस जेवलो नव्हतो. आबा जिथं असतील तिथून तुला बघत असतील. तुला आता एकटं वाटू देणार नाही. उद्या रंकाळ्यावर जाऊया का आपण दोघं?’

हा मुलगा वाईट नाही, पण त्यानं तिच्या आबांना बाजूला सारून स्वतःच्या आजीला पुढे आणलं, आणि आता तिनंच याला धीर द्यायची वेळ आली. आबा कुठून बघतात हे तो परस्पर ठरवून मोकळा झाला. शिवाय ज्या जागी ती आबांसाठी एकटी गेली, तिथे तो दुसऱ्याच दिवशी भेट ठरवतोय. दुःखात भेटीचं आमंत्रण घुसडलं की मागचं सगळं त्या आमंत्रणाची तयारी वाटायला लागतं. मुलींना हे पहिल्या वाचनात कळतं.

तिसरा मसुदा:

‘“किती बुडालाय ते बघून येऊ” या ओळीवरच थांबलो. पहाटे उठवून रंकाळ्यावर न्यायचे म्हणाली होतीस, ते आठवलं. बरं केलंस, बघून आलीस. उत्तर द्यायची गडबड नाही.’

पहिल्या वाक्यात त्यानं तिचेच शब्द उचललेत, तेही आबांच्या तोंडचे. चार ओळींत सगळ्यात जिवंत तेच आहेत. कुठली ओळ उचलायची याची माझी एक खूण आहे. ‘दुःख’, ‘एकटं’, ‘आठवण’ असले शब्द असलेली ओळ सोडून द्यायची, आणि जिथे वस्तू, जागा किंवा कुणाचं बोलणं आहे ती धरायची. लिहिणाऱ्याचा जीव बहुतेक वेळा तिथे असतो. दुसऱ्या वाक्यात सगळी ऊब आहे. तू सहज बोललेलं मी लक्षात ठेवलं होतं, हे त्यातून आपोआप कळतं, त्यासाठी ‘मला तुझी काळजी वाटते’ असं लिहावं लागत नाही. तिसरं वाक्य साधं कोल्हापुरी, त्यात उपदेश नाही. चौथ्यानं तिला मोकळं केलं.

दुसऱ्या वाक्यासारखं काही तुमच्यापाशी नसेल, तर ते बनवू नका. आबांना कधी बघितलेलं नसताना ‘किती प्रेमळ होते’ लिहिणं खोटं, आणि ते तिला कळणारच. मग पहिलं आणि शेवटचं वाक्य एवढंच पाठवा. दोन वाक्यांचं खरं उत्तर चारच्या भरताडापेक्षा बरं. चारच्या पुढे मात्र जाऊच नका. लांब संदेश आला की त्याला तेवढंच लांब उत्तर द्यावं लागतं असं माणसाला वाटतं.

ऊब किती घालायची

मिसळीच्या कटासारखं आहे, तर्री वाटीत वेगळी दिली तर ज्याला पाहिजे तेवढी तो घेतो. संदेशात एकच जागा उबदार असू दे. आठवण काढली असेल तर वर हृदय नको. तिला एरवी ज्या नावानं हाक मारता त्याच नावानं मारा. रोज आडनावानं किंवा ‘ए’ म्हणून बोलवत असाल आणि आज अचानक ‘बाळा’, ‘शोना’ लिहिलंत, तर ती स्टेटस विसरून तुमच्याकडे संशयानं बघेल.

हाच नियम तू आणि तुम्हीला. ऑफिसात, बँकेत, शाळेत एकत्र काम करणारी माणसं एकमेकांना अहो-जाहो करतात. उदास स्टेटसचं निमित्त करून ‘तुम्ही’वरून ‘तू’वर उडी मारू नका. ‘तुमची शेवटची ओळ दिवसभर डोक्यात राहिली’ यात काही कमी जवळीक नाही. तूवर यायचं असेल तर ते एखाद्या हसत्याखेळत्या दिवशी, समोरासमोर, आणि तिनं सुरुवात केली तर आणखी बरं.

आपल्याकडचा एक खास रोग म्हणजे बाह्या सरसावणं. ‘कोण काय बोललं? नाव सांग फक्त. विषय संपवतो.’ कट्ट्यावर हे छान वाटतं, आणि लिहिणाऱ्याच्या मनात खरंच माया असते. पण तिनं भांडणाची तक्रार केलेली नाही, आणि आता तिला तुम्हाला शांत करण्याचं जादा काम लागलं. एवढं करून प्रकरण आबांचं निघालं तर कुणाचा विषय संपवणार?

उलट दिशेनं, म्हणजे मुलगी मुलाला लिहीत असेल, तर अडचण वेगळी. मुलगे दुःख बहुधा एका तुटक ओळीत टाकतात. पोलीस भरतीचा किंवा एमपीएससीचा निकाल लागला, यादीत नाव नाही, आणि स्टेटस येतं: ‘परत पहिल्यापासून.’ मित्र चेष्टा करत असतात. त्याला ‘किती मार्कांनी गेलं?’ विचारू नये आणि ‘तू नक्की करशील’ असंही लगेच म्हणू नये. त्या दिवशी त्याला ते ओझंच वाटतं. ‘निकालाचं काही विचारत नाही. जेवलास काय?’ एवढं लिहा. आपल्या गावात जेवणाची चौकशी म्हणजे काय, हे त्याला कळतं.

मोडलेल्या प्रेमाचं स्टेटस

हे सगळ्यात घसरडं, कारण इथे तुमचा स्वार्थ उघड आहे. ती दुसऱ्या कुणासाठी लिहितेय, आणि तुम्हाला आतून थोडं बरंही वाटतंय. वाटू दे, पण ते संदेशात उतरू देऊ नका. त्या माणसाला नावं ठेवू नका. चार दिवसांनी ते परत एकत्र आले तर तुमचं वाक्य दोघांच्या लक्षात राहणार. ‘तू याहून चांगलं माणूस डिझर्व्ह करतेस’ हे वाक्य म्हणजे पाठीमागे दडवलेला आपलाच अर्ज. खरंच लिहायचं असेल तर ओळीबद्दल लिहा आणि थांबा: ‘शेवटच्या ओळीत काही लपवलं नाहीस. वाचली, एवढंच सांगायचं होतं.’

कवितेला कवितेनं उत्तर द्यावं का

दुःखाच्या ओळींना देऊ नये, कारण तिथे लगेच कोणाची ओळ सरस याचा वास यायला लागतो. पण नुसती हुरहूर असेल, त्यात खेळायला जागा असेल, तर जरूर द्यावं. तिनं लिहिलं, ‘रंकाळ्यावर आज वारा माझ्याशी बोललाच नाही’. तुम्ही लिहा, ‘आमच्या राजारामपुरीत आला होता. घाईत दिसला.’ तिचीच प्रतिमा धरली, एक पाऊल पुढे नेली आणि सोडून दिली. यमक जुळवू नका, दोन ओळींच्या पुढे जाऊ नका, आणि दुसऱ्याची शायरी आपली म्हणून अजिबात पाठवू नका, ती शोधायला एक सेकंद लागतो.

कधी पाठवायचं

स्टेटस २४ तास राहतं. त्याच्यावरूनच उत्तर दिलं की कशाबद्दल बोलताय ते चॅटमध्ये वरच दिसतं. नंतर लिहिलंत तर संदर्भ तुम्हाला द्यावा लागेल, ‘काल आबांबद्दल लिहिलं होतंस ना’ असा. त्यातही काही वाईट नाही. दिवसभर लक्षात राहिलं, हे त्यातून कळतंच.

रात्रीचं काय? तुमचं एरवी रात्री बोलणं होत असेल तर रात्रीच लिहा. नसेल तर सकाळी आठ-नऊला. साडेबारा वाजता आलेल्या त्याच चार वाक्यांचा अर्थ बदलतो. उदाहरणातल्या मुलानं सकाळी ग्रंथालयाला निघायच्या आधी पाठवलं. आणि पाठवल्यावर ग्रंथालयात पोचून ‘वाचलंस का?’ विचारलं नाही.

पाठवून झाल्यावर

निळ्या खुणा आल्या आणि उत्तर नाही, तर ते उत्तर न येणं तुम्हीच मान्य केलेलं आहे. ‘गडबड नाही’ असं लिहून संध्याकाळी प्रश्नचिन्ह पाठवणाऱ्याचं पुढचं काही कोणी खरं मानत नाही. नुसतं ‘थँक्स’ आलं, किंवा तुमच्या संदेशावर हृदय आलं, तर पोचलं असं समजा आणि तिथेच सोडा. त्याच्यावर परत ‘मेन्शन नॉट’ नको.

आपल्या उदाहरणात दुपारी तिचं आलं: ‘आबा पाण्याची खूण ठेवायचे. दरवर्षी.’

इथे पुष्कळ जण चुकतात. दार उघडलं म्हणून सगळं सामान घेऊन आत शिरतात. त्यानं एवढंच विचारलं: ‘कशावर?’

‘कठड्याच्या दगडावर. खडूनं. पावसात पुसायची, मग परत काढायचे.’ आणि थोड्या वेळानं, ‘दाखवतो एकदा.’

‘कधी सांग, येतो.’

रंकाळ्यावर जायचं दुसऱ्या मसुद्यात त्यानं मागितलं असतं, इथे ते तिच्याकडून आलं, आणि तेही न ठरलेल्या दिवसाचं. दिवस ठरवायची घाई त्यानं केली नाही. प्रश्न विचारायचाच असेल तर तो असाच असावा, एका शब्दाचा, तिच्या शेवटच्या वाक्यातून निघालेला आणि उत्तर द्यायला सोपा. ‘तुला आता कसं वाटतंय?’ हा प्रश्न फोनवर ठीक, लेखी फार जड.

समोर भेटल्यावर चारचौघांत विषय काढू नका. चहाच्या टपरीवर ‘काल काय कविता टाकली होतीस’ म्हणालात की बाकीचे तीन जण फोन काढून बघणार. तिच्या ओळींचा स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर ‘काय लिहू रे?’ म्हणून टाकणं तर त्याहून वाईट. सल्ला हवाच असेल तर एकाच भरवशाच्या माणसाला तोंडी विचारा.

प्रत्येक स्टेटसला उत्तर देऊ नका. आठवड्यात तिनं पाच टाकली आणि पाचहींना तुमचं काहीतरी आलं, तर सहावं टाकताना ती तुम्हाला वगळायचा विचार करेल. लागोपाठ दोन उत्तरं तशीच पडून राहिली तर थांबा, आणि पुढचं बोलणं तिच्याकडून येऊ दे. स्टेटस दिसायचं बंद झालं तर कारण विचारायला जाऊ नका, उत्तर मिळालेलं आहे.

आणि समजा सगळं बरं चाललं, आणि एक दिवस तिनंच विचारलं, ‘सगळ्यांनाच असं लिहितोस काय?’ तर हसण्यावारी नेऊ नका, पण तोच धागा धरून कबुलीजबाबही देऊ नका, विशेषतः आबांबद्दल बोलणं चालू असताना. ‘नाही, सगळ्यांना नाही’ हे खरं उत्तर आहे आणि तेवढ्यात काय ते कळतं. मनातलं सांगायचं ते वेगळ्या दिवशी, स्टेटसचा आधार न घेता, तिला सरळ नाही म्हणता येईल अशा शब्दांत सांगा.